‘दरवळ’ची दोन हजार खोकी

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आमच्या घरात लहान मुलालाही माहीत आहे. बाजारातही माहीत असावं, पण मला कोणी तसं तोंडावर सांगितलं नव्हतं. ते सांगितलं थोरल्या वहिनींनी, आणि तेही माझंच कंबरडं मोडल्यावर. त्या बाईवर माझा राग आहे. तरीही तिची गोष्ट सांगायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा नाही.

मी खोकी बनवतो. साधी नाहीत, भेटीची. जाड पुठ्ठा, वर खरबरीत कागद, झाकणात लोहचुंबक आणि नावाच्या जागी सोनेरी ठसा. गल्लीच्या टोकाला माझा कारखाना आहे आणि दाराशीच एक मोठं टेबल. गिऱ्हाईक त्या टेबलाशी बसतं, चहा पितं, नमुने हाताळतं. मीही बसतो. बोलतो. हेच ते टेबल.

थोरल्या वहिनी म्हणजे मसाल्याच्या जुन्या दुकानाची थोरली सून. एकोणीस वर्षं त्या दुकानाचा चहाचा मसाला त्यांनीच केला. सुंठ कुठल्या ढिगातली, वेलची किती भाजायची, मिरी कुटायची की दळायची, सगळं त्यांच्या नाकावर चालायचं. डोळे मिटून चिमूट नाकाशी नेत आणि म्हणत, “लवंग जुनी आहे, परत करा.” लवंगवाला शिव्या देत परत न्यायचा. उंचीने लहान, आवाजाने त्याहून लहान, पण बाई कुणाला भीक घालायची नाही.

नवरा गेला आणि वर्ष व्हायच्या आत धाकट्या दिराने कुलूप बदललं. कागदोपत्री दुकान त्याचंच निघालं. वहिनींना मागचं एका खोलीचं घर मिळालं. तेही त्या सोसत होत्या. पण त्याने महागडा भेटीचा चहा काढला आणि खोक्याच्या मागे छापलं : ‘आमच्या धाकट्या सूनबाईंच्या हातचा घरंदाज मसाला’. त्या सूनबाईंना लवंग आणि मिरी यांतला फरक चष्मा लावूनही कळला नसता. ती ओळ माझ्याच यंत्रावर छापली गेली. वहिनींनी ते खोकं उलटं करून वाचलं, परत टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, “बरं.” एवढंच. मला तेव्हाच घाबरायला हवं होतं.

त्यानंतर त्यांनी स्वतःचा चहा काढायचं ठरवलं. पहिल्याच वर्षी त्या माझ्याकडे खोक्याचं चित्र घेऊन आल्या : बाजूला सरकणारा खण, आत तीन कप्पे, पत्तीला एक, मसाल्याला एक, खडीसाखरेला एक. सुंदर होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचे दीर, बाजारातले धाकटे शेठ, टेबलाशी चहा पीत होते. त्यांनी विचारलं, “नवीन काय?” आणि मी दाखवलं. आता माणूस विचारतो तर काय तोंडावर पोतं घालून बसायचं? पंधरा दिवसांत तेच तीन कप्पे शेठच्या नावावर दोन हजारांनी माझ्याच कारखान्यातून बाहेर पडले. वहिनींनी जाब विचारला नाही. मी समजलो, विषय संपला.

पण शेठचं एक अडलं. त्यांचा चहा ‘रॉयल लीफ कलेक्शन’ या नावाने निघाला होता. शहरातलं मोठं हॉटेल दरवर्षी आपल्या पाहुण्यांना द्यायला एकच भेटखोकं निवडतं, आणि ते ज्याचं निवडलं जाईल त्याचं वर्ष निघतं. तिथल्या खरेदीच्या बाईंनी शेठचं खोकं घेतलं, पण वर सुनावलं, “पाहुणे विचारतात, हा चहा कुठल्या देशातून मागवला? पुढच्या वर्षी नाव बदलून आणा. महाग वाटलं पाहिजे, परकं वाटता कामा नये. नाही जमलं तर दुसऱ्या कुणाचं घेईन.” शेठनी हे मला सांगितलं आणि मी ते वहिनींना. म्हटलं ना, तीळ भिजत नाही.

मग वहिनी नाव शोधायला बसल्या, आणि मी जन्मात पाहिलं नव्हतं ते पाहिलं. आम्हा छापणाऱ्यांना वाटतं, नाव म्हणजे सुचलं आणि लावलं. वहिनी जुन्या वेष्टनाच्या पाठीवर पन्नास नावं लिहून आल्या आणि माझ्यासमोर एकेक खोडू लागल्या. शाही, राजेशाही, खानदानी हे शब्द पहिल्या फटक्यात गेले. “जो खरा मोठा असतो तो पाटी लावून सांगत नाही, काका.” मग गोल्ड, प्रीमियम गेले. मग संस्कृतातली जडजड नावं. “हे बोलताना माणूस दुकानात उभा राहून घसा साफ करेल.” चहा, मसाला, वेलची हे नुसते शब्दही गेले, कारण ज्या शब्दाने माल ओळखला जातो तो एकट्याचा म्हणून सहसा नोंदवून मिळत नाही.

उरलेल्यांची परीक्षा. त्या कोपऱ्यावरून माझ्या कारखान्यात फोन करायच्या आणि माझ्या कारागिराला नाव एकदाच सांगून लिहायला लावायच्या. चुकीचं लिहिलं की नाव बाद. मग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दारावर लावायचं आणि गल्लीपलीकडून वाचायचं. मग सगळ्यांत अवघड : “दोन खोकी अमुक द्या,” असं दहा वेळा म्हणायचं. दहाव्यांदा लाज वाटली की बाद. माझं हसू आवरेना. पण तिसऱ्या दिवशी मीही घरी जेवताना बायकोला “दोन खोकी निवांत द्या” म्हणून बसलो आणि तिने मला डॉक्टरकडे जायला सांगितलं.

आठवड्याने त्या एक नाव घेऊन आल्या. ‘दरवळ’. मी म्हटलं, “वहिनी, जिंकलात.” ऐकताच नाकाशी वाफ येते, जिभेला जड नाही, आपलंच वाटतं आणि सोनेरी ठशात शोभतं. त्यांनी ठशाचे पैसे भरले, एक नमुना करायला सांगितला आणि उठता उठता म्हणाल्या, “काका, हॉटेलच्या बाईंना दाखवेपर्यंत कुणाला दाखवू नका. एवढं एक करा माझं.”

“वेड्या का तुम्ही?” मी म्हटलं.

नमुना टेबलावर वाळत होता आणि धाकटे शेठ आले. मी तो झाकला नाही. खरं सांगतो, झाकायला हात गेला होता. पण शेठ माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि मनात आलं, बिचाऱ्यालाही नाव हवंच आहे, बघेल तर बघेल. त्यांनी बघितलं. खोकं हातात फिरवलं, नाव दोनदा पुटपुटलं आणि चहा अर्धा टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच नावाची दोन हजार खोकी सांगितली. मी फक्त एवढं विचारलं, “नाव तपासलंत का? आधी कुणाचं नसेल ना?” शेठ हसले. “अहो, वहिनी तपासल्याशिवाय चिमूटभर मीठ घालत नाही. तिने ठसा करायला दिलाय म्हणजे नाव मोकळं आहे. आपण फक्त तिच्या आधी नोंदणीचा अर्ज टाकायचा.” त्यांनी अर्ज टाकला. अर्ज टाकला म्हणजे नाव आपलं झालं, असं त्यांना वाटत होतं, आणि त्यांच्या तोंडून ऐकून मलाही.

वहिनी आल्या तेव्हा कारखान्यात ‘दरवळ’चे ढीग लागले होते. त्यांनी ते पाहिले. मी पुठ्ठा कापायचं नाटक करत होतो. त्या म्हणाल्या, “एक खोकं मिळेल?” मी लाजेकाजेस्तव दिलं. ते पिशवीत घालून त्या गेल्या. मला वाटलं, घरी जाऊन रडतील.

त्या पोस्टात गेल्या.

तीन आठवड्यांनी शेठना वकिलाची नोटीस आली. ‘दरवळ’ हे नाव सात वर्षांपूर्वीच एका लांबच्या चहावाल्याने नोंदवलं होतं, त्याच वर्गात, ज्यात चहा आणि मसाले येतात. आपलं नाव वापरणं ताबडतोब थांबवा, माल बाजारात गेला तर कोर्टात भेटू. नोंदणीच्या यादीत मालकाचं नाव आणि पत्ता कुणालाही दिसतो. वहिनींनी त्याला दुसरं काही लिहिलं नव्हतं. भेटखोकं भेट म्हणून पाठवलं होतं.

शेठ माझ्याकडे धावत आले. “वर चिकटपट्टी लावा, दुसरं नाव लावा, काहीही करा!” मी करून दाखवलं. खरबरीत कागदावर पट्टी धरेना, आणि धरली तिथे दाबलेल्या ठशाची अक्षरं खालून वर दिसत राहिली. दोन हजार खोकी, एकही कामाचं नाही, आणि हॉटेलला माल द्यायला अकरा दिवस. शेठ टेबलाशी बसून रडकुंडीला आले. मग माझ्यावर उलटले. “तुम्ही दाखवलंत म्हणून!” म्हणे. नाव उचलणारा तो, आणि चोर मी! त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडचं काम बंद केलं.

हॉटेलने वहिनींचा चहा घेतला. नाव ‘थोरली’. खोकं पलीकडच्या रस्त्यावरच्या कारखान्यात झालं होतं, आणि नाव चार महिने आधीच शोधून, तपासून, अर्ज करून ठेवलेलं होतं. चहासाठी कुणी ते नाव लावेल असं कुणाच्या डोक्यातच येणार नाही, म्हणून यादीत ते मोकळं होतं. ऐकायला आपलं, आणि मान एवढा की माणूस ते खोकं एका हाताने उचलत नाही. खोक्याच्या मागे कुणाच्याही हाताचा उल्लेख नाही. गरजच नाही. आता शेठच्या दुकानातही लोक येऊन विचारतात, “थोरली आहे का?” आणि शेठना गिऱ्हाइकासमोर “नाही” म्हणावं लागतं, दिवसातून पाच-सहा वेळा.

हे सगळं मी पोटातल्या पोटात गिळलं असतं. पण गोष्ट बाजारभर झाली, हॉटेलच्या बाईंनी आपलं बाकीचं कामही माझ्याकडून काढलं, आणि त्यांच्या मागोमाग आणखी दोघांनी आपापले ठसे परत मागितले. म्हणून मी वहिनींच्या दारात गेलो. त्या उखळाशी बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच बोललो. “दिराचा सूड दिरावर घ्यायचा. मी तुमचं काय वाकडं केलं होतं? मला का आमिषासारखं लावलंत गळाला?”

त्यांनी हात थांबवला नाही. “आमिष नव्हतं काका. तुम्हाला सांगितलं होतं ना, कुणाला दाखवू नका.”

“पण नाव खोटं होतं!”

“नाव खोटं होतं. सांगणं खरं होतं.” मग त्यांनी वर पाहिलं. “तीन कप्प्यांच्या वेळी मला वाटलं, चुकून झालं असेल. म्हणून एकदा बघायचं ठरवलं. तुम्ही तो नमुना नुसता झाकला असतात, तर दिराला काही कळलं नसतं आणि ‘दरवळ’चं एकही खोकं झालं नसतं. मी आठ दिवसांनी येऊन ते नाव रद्द करणार होते आणि ‘थोरली’चं सगळं काम तुम्हालाच देणार होते. तुमच्यासारखा खोक्याचा कोपरा इथे कुणाला जमत नाही.”

त्यांनी उठून घरातल्या टेबलाच्या खणातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. ‘थोरली’च्या पाच हजार खोक्यांची मागणी होती. वर माझ्या कारखान्याचं नाव, खाली त्यांची सही आणि तारीख नमुन्याच्या आदल्या दिवशीची.

“ठेवा तुमच्याकडे,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा सुंठ कुटायला लागल्या.