अकरा ओळींपैकी पाच

दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. रसमड्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटवरून माझ्या सहकाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्क्रीनशॉट पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, जल्दी देख लो. दो बजे के पहले डालना है."

मी तेव्हा रिसालीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करत होते. त्याआधी नऊ वर्षं एका दैनिकाच्या डेस्कवर बातम्या तपासल्या होत्या. कंपनीत मला घेतलं ते मजकूर लिहायला. हळूहळू मला कोड वाचता येऊ लागला आणि मग तपासायचं कामही माझ्याकडे आलं. आमच्याकडे नियम एकच होता. दुसऱ्या माणसाने वाचून "ठीक" म्हटल्याशिवाय कुठलाही बदल ग्राहकाच्या मशीनवर जायचा नाही. त्या दिवशी मी घरून, सेक्टर १० मधल्या क्वार्टरमधून काम करत होते. समोर बाबा जेवत होते. त्यांची सगळी नोकरी स्टील प्लांटमध्ये, शिफ्टमध्ये गेली होती.

कारखान्याच्या गेटवर आमची मशीन होती. कामगाराने कार्ड लावलं की त्याची शिफ्ट पाहून ती गेट उघडायची. आदल्या दिवशी तिने दोनच्या शिफ्टची माणसं बाहेर अडवून ठेवली होती, कारण ती अर्धा तास आधी आली होती. शिफ्टची माणसं आधीच येतात. कपडे बदलायचे असतात, आधीच्या माणसाकडून काम समजून घ्यायचं असतं. हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कारखान्याच्या मॅनेजरने सांगितलं होतं, आज दोन वाजता पुन्हा गर्दी झाली तर मशीन काढून रजिस्टर ठेवू. माझ्या सहकाऱ्याचं सहा महिन्यांचं काम त्या गेटवर उभं होतं.

कारखान्याच्या नेटवर्कमधून आमचा सर्व्हर उघडत नसे, व्हॉट्सअ‍ॅप चाले. मजकूर कॉपी करून पाठवला तर ओळींची मांडणी विस्कटे. म्हणून तिथून बदल यायचे ते चित्र होऊन.

चित्रात जुना आणि नवा कोड एकाखाली एक होता. काढलेल्या ओळी लाल, नव्या हिरव्या, न बदललेल्या साध्या. तीन साध्या, तीन लाल, दोन हिरव्या. पहिल्या हिरव्या ओळीत शिफ्टच्या सुरुवातीतून तीस मिनिटं वजा केली होती. दुसरीत तपासणी होती: आत्ताची वेळ या नव्या सुरुवातीच्या पुढे आणि शिफ्ट संपण्याच्या आधी आहे का?

दोनच्या शिफ्टसाठी हे बरोबर होतं. मी लाल ओळी वाचल्या. त्यांत रात्री दहा ते सकाळी सहाच्या सी शिफ्टची वेगळी सोय होती, कारण ती मध्यरात्र ओलांडते. ती सोय गेली होती. आता मशीन विचारणार होती, वेळ साडेनऊच्या पुढे आणि सकाळी सहाच्या आधी, दोन्ही एकाच वेळी आहे का? असा एकही क्षण दिवसात नसतो. दोन वाजता सगळं सुरळीत होणार होतं आणि रात्री सी शिफ्टचा एकही माणूस आत जाणार नव्हता.

मी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"भाऊ, लाल ओळी का काढल्या?"

"ताई, कोड लंबा हो रहा था. छोटा कर दिया."

"सी शिफ्ट आत जाणार नाही."

"जाते नं! मी आत्ता तिन्ही शिफ्टचे कार्ड लावून पाह्यले. ए, बी, सी, सगळ्याइले गेट उघडलं." ऑफिसात तो हिंदी बोलायचा. घाबरला की घरची मराठी यायची.

मी पुन्हा चित्र पाहिलं. माझं गणित चुकत नव्हतं. बाबांनी घास खाली ठेवला.

"कावून बाप्पा, बारा वाजता सी शिफ्टवाल्याले गेट उघडलं कसं? त्याची ड्यूटी तं रात्री दहाची. आमच्या वक्ताले सिक्युरिटीवाल्यानं त्याले परत घरी पाठवलं असतं."

मग सहकारी म्हणाला, "काका बरोबर बोलून राहिले."

दोनच्या, म्हणजे बी शिफ्टचं कार्डही दीडच्या आधी चालायला नको होतं. ते बाराला चाललं होतं. मी पाहिलेल्या दोन हिरव्या ओळी असं करूच शकत नव्हत्या. म्हणजे मला न दिसणारं काहीतरी ते करत होतं.

डेस्कवर पानाचं प्रूफ आलं की आम्ही वाचण्याआधी ओळी मोजायचो. कापलेली बातमी वाचायला पूर्णच वाटते, मोजल्यावर सापडते. अशा चित्राच्या माथ्यावर हिशेब छापलेला असतो: जुन्या ओळी इतक्या, नव्या इतक्या. तिथे नऊ आणि अकरा लिहिलं होतं. नव्या कोडच्या ओळी म्हणजे साध्या आणि हिरव्या; मी त्या मोजल्या. पाच. शिवाय बदलानंतर शेवटी येणाऱ्या साध्या ओळी नव्हत्याच. चित्र हिरव्या ओळीवर संपत होतं.

"भाऊ, खाली सहा ओळी राहिल्या. स्क्रोल करा आणि वाचा."

त्याने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला थांबला.

"अरे देवा."

"काय आहे?"

"टेस्टिंगसाठी लिवलं होतं ताई. उत्तर काहीबी येवो, हो म्हण. तेच राहून गेलं."

बाबा हसले. "म्हणजे गेटवर सरपंच बसवला याने. सगळ्याइले हो म्हणते."

"काका, आता तुम्हीबी सुरू नका होऊ," तो म्हणाला. पण तोही हसत होता.

मी तीन गोष्टी लिहून पाठवल्या. टेस्टिंगची ओळ काढा. मध्यरात्रीची सोय परत आणा आणि त्यातही तीस मिनिटं आधीचीच सुरुवात वापरा. रात्री बरोबर बाराला सुरू होणारी शिफ्ट कधी आली तर तीस वजा करून वेळ शून्याखाली जाईल. आज तशी शिफ्ट नाही, नुसती नोंद ठेवा.

"आनि डबल ड्यूटी?" बाबांनी विचारलं. "रिलीव्हर नाही आला तं सकाळचा ए शिफ्टवाला दोननंतरबी थांबते. सव्वादोनले चहा प्याले बाहेर गेला का तो बाहेरच."

हे कुणीच पाहिलं नव्हतं, जुन्या कोडनेही नाही. ते सोमवारच्या यादीत टाकलं. तोवर सिक्युरिटीकडे हाताने गेट उघडायचं बटण होतं.

एक वाजता दुसरं चित्र आलं. माथ्यावर नऊ आणि दहा. मी दहा मोजल्या, शेवटच्या तीन साध्या पाहिल्या. सी शिफ्टसाठी मी चार वेळा दिल्या, त्याने मशीनचं घड्याळ न बदलता त्या हाताने टाकून पाहिल्या. रात्री पावणेदहा: हो. रात्री बारा दहा: हो. सकाळी पाच एकोणसाठ: हो. सहा: नाही. मी "ठीक" लिहिलं.

एक पंचविसाला त्याचा फोन आला. मागे माणसांचा आवाज होता.

"ताई, बी शिफ्टचं कार्ड लावलं. नाही उघडलं!"

इतक्या आनंदाने कुणी गेट बंद असल्याचं सांगताना मी ऐकलं नव्हतं. तो फोन धरून उभा राहिला. पाच मिनिटांनी कार्डाचा बीप ऐकू आला, मग गेट फिरल्याचा खडखडाट, मग दुसरा, तिसरा. कुणीतरी विचारलं, "आज चालू है क्या?" कुणीतरी म्हणालं, "चल ना, पीछे लाइन है."

दोन वाजून दहा मिनिटांनी गेटवर रांग नव्हती. मॅनेजर येऊन पाहून गेला आणि रजिस्टर कपाटात ठेवायला सांगितलं. सी शिफ्टचे सगळे आत गेल्याचं मला सकाळी कळलं. त्या मेसेजसोबत त्याने गेटच्या नोंदींचा स्क्रीनशॉट पाठवला होता, या वेळी वरपासून खालपर्यंत पूर्ण.