तोंडाला पावडर

कल्याणच्या एका गॅरेजात मी सुट्या भागांची मागणी लिहायचो. इंग्रजी कॅटलॉग वाचता येणारा मी तिथे एकटाच, त्यामुळे स्वतःला भलताच शहाणा समजायचो.

एकदा डॉक्टरांच्या गाडीचा मागचा ॲक्सल तुटला. मोहन्याकडच्या खेड्यांतली बाळंतपणं करायला ते याच गाडीने जायचे. "लवकर करा हो, दोघींचे दिवस भरत आलेत," म्हणाले. मी गाडीचं नोंदणीचं पुस्तक उघडलं, साल पन्नास पाहिलं आणि पन्नासच्या मॉडेलचा ॲक्सल मुंबईहून मागवला. आठ दिवसांनी तो आला. गॅरेजच्या मिस्त्रींनी घालून पाहिला, तर चांगला दोन बोटं आखूड!

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि आतल्या पट्टीवरचा चॅसिस नंबर मला वाचायला लावला. कॅटलॉगात तो एकोणपन्नासच्या यादीत निघाला.

"अरे, पुस्तकात विकल्याचं साल असतं. मॉडेल आदल्या सालचं. पन्नासला कंपनीनं सांगाडाच नवा काढला, त्याचा ॲक्सल हिला कसा बसेल?"

"पण हिचं तोंड तर नवं दिसतं!"

"ती नुसती तोंडाला पावडर. एकोणपन्नासला जाळी बदलली, दिवे बदलले. खाली सगळं सत्तेचाळीसचंच."

हल्ली याला फेसलिफ्ट म्हणतात. मला मिस्त्रींचाच शब्द आवडतो.

मग ते तडक मागच्या अंगणात गेले. तिथे एक अपघातातली गाडी गंजत पडली होती, दुसऱ्याच नावाची आणि पुष्कळ स्वस्तातली. तिचा ॲक्सल काढून त्यांनी डॉक्टरांच्या गाडीत सरकवला. दाताला दात बसले. मी आ वासून बघत राहिलो.

"नाव वेगळं रे, घराणं एकच. दोघींना चॅसिस एकाच साच्यातला."

"मग आधी का नाही बोललात?" मी जवळजवळ ओरडलोच.

"तू विचारलंस कुठं? नवा भाग येतोय म्हणालास. म्हटलं, शिकलेला माणूस आहे, नंबर बघितला असेल."

आठ दिवस तो ॲक्सल माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होता. मला स्वतःचा भयंकर राग आला.

संध्याकाळच्या आत डॉक्टर गाडी न्यायला आले. मी घाईघाईने म्हणालो, "आता मोहन्याला खुशाल जा."

"एकीचं परवाच झालं," ते म्हणाले. "टांग्यानं गेलो. पोचलो तोवर मूल गेलेलं होतं."

चूक माझी, मी सालच चुकीचं धरलं, हे मी अडखळत सांगितलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते नुसते पुस्तकातल्या त्या पन्नासकडे बघत राहिले.

"मीही सगळ्यांना पन्नासची गाडी म्हणूनच सांगत आलो," ते म्हणाले. मग बॅग मागच्या सीटवर ठेवून त्यांनी मला विचारलं, "दुसरीला आज सकाळपासून कळा येताहेत. गाडी नक्की पोचेल ना?"

मी मिस्त्रींकडे पाहिलं. "पोचेल," मिस्त्री म्हणाले.