केकवालीचे काळे केस

आमच्या गल्लीच्या तोंडाशी केकचं छोटं दुकान आहे. ते चालवणारीला लहानथोर सगळे केकवालीच म्हणतात. चिमी म्हणणारं एकच माणूस उरलं आहे, तिची आई.

केकवालीचे केस ऐन तिशीत पिकले. तेव्हापासून ती शेजारच्या पार्लरमध्ये कलप लावून घेई. वर्षानुवर्षं काही झालं नाही, आणि एके दिवशी सकाळी डोळे उघडेनात इतका चेहरा सुजला. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा कलप लावलात तर श्वास अडकेल." तिने डॉक्टरांचं ऐकलं. केस वाढत गेले तसे पांढरे होत गेले.

तिच्या म्हाताऱ्या आईची स्मृती तोवर विरत चालली होती. लेक म्हणून तिला काळ्या केसांची चिमीच ठाऊक. वरणभाताची वाटी घेऊन ही पांढऱ्या केसांची बाई जवळ आली, की ती तोंड घट्ट मिटून घेई.

"ही कोण म्हातारी? चिमीला बोलवा. तिच्या हातचंच खाईन."

"अगं आई, मीच चिमी."

"जा गं, थापाडे! तू माझ्याहून थोराड दिसतेस!"

पहिल्यांदा केकवाली हसली. पण आठवडाभरात म्हातारीच्या गळ्याची हाडं दिसू लागली, तेव्हा हसू आटलं.

दुकानात केकच्या काळ्या रंगाची डबी होती. तो केसांना लावला तर चालेल का, असं तिने पार्लरवालीला विचारलं. ती कंगवा खाली ठेवून म्हणाली, "वेडी का खुळी? तो रंग केसात मुरत नाही, वरवर चिकटतो. पाणी लागलं की ओघळणार. आणि खायचा म्हणजे निर्धोक असं थोडंच आहे? तुझी कातडी आधीच रुसलेली. निदान कानामागे लावून दोन दिवस बघ."

"माझ्या केकवरचा रंग कधी ओघळलाय का?"

"केकला कोणी आंघोळ घालतं का, बाई?"

दोन दिवस कानामागे काही उठलं नाही. मग तिने तो रंग कंडिशनरमध्ये कालवला, वर चमचाभर व्हिनेगर घातलं आणि केसांना चोपडला. पांढऱ्या केसांवर रंग चढला खरा, पण काळा नव्हे. कुठे वांग्यासारखा जांभळट, कुठे शेवाळी, कुठे नुसता मळकट. कपाळावर आणि कानांवर डाग पडले, नखं काळी झाली, फरशीच्या सांधी घासूनही निघेनात. उशीचा अभ्रा तर शाई सांडल्यासारखा झाला.

पण पडदा ओढलेल्या खोलीत म्हातारीने मान वर केली.

"आलीस होय गं चिमे? किती उशीर!"

तिने वाटी चाटूनपुसून संपवली.

मग केकवाली केसांना पाणी लागू देईना. भट्टीसमोर घाम आला की मानेवरून तपकिरी ओघळ येई. ती कॉलरखाली फडकं ठेवी. केकवर थेंब पडू नये म्हणून डोक्याला घट्ट टोपी. डोक्याला खाज सुटे. चार घास पोटात जात होते, तेवढ्यासाठी तिने सगळं सोसलं.

आईला आंघोळ मात्र तीच घाली. एकदा असंच न्हाणीघर वाफेने भरलेलं, म्हातारी स्टुलावर, अंगभर पांढरा फेस. त्या दिवशी तिला बरं वाटत होतं. लहान लेकीशी खेळावं तसं तिने ओंजळभर पाणी चिमीच्या डोक्यावर उडवलं आणि खुदकन हसली.

पाणी केसांतून उतरलं ते काळ्या रंगातला लाल सुटून तांबडं होऊन. कपाळावरून डोळ्यात गेलं, डोळा झोंबला. केकवालीने चेहरा पुसला आणि तोच हात आईला सावरायला पुढे केला. पांढऱ्या फेसावर लाल बोटं उमटली.

म्हातारी किंचाळली. "रक्त! रक्त! हिने माझ्या चिमीला मारलं!"

"आई, रंग आहे गं! केकचा रंग!"

म्हातारीने हातातला तांब्या तिच्या कपाळावर मारला. गल्लीत आवाज ऐकू गेला. पार्लरवाली धावत आली तेव्हा म्हातारी कोपऱ्यात अंग चोरून थरथरत होती, आणि केकवाली दाराबाहेर ओल्या पायांनी उभी होती. कपाळावर आता खरं रक्तही होतं. रंग कुठला आणि रक्त कुठलं, ते ओळखू येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पार्लरवालीने तिचे केस अगदी बारीक कापून दिले.

म्हातारी त्यानंतर कुठल्याही केसांच्या चिमीला जवळ येऊ देईना. नुसती दिसली तरी अंग आक्रसून घेई. आता दुपारी दुकान मिटलं की पार्लरवाली वाटी घेऊन आत जाते. केकवाली दाराआड भिंतीला टेकून खाली बसते आणि तिथूनच हाक देते, "आई, आ कर गं."

"चिमी आहे ना घरात?" म्हातारी विचारते.

"आहे गं. पोळ्या करतेय. तू खा," पार्लरवाली म्हणते.

म्हातारी तोंड उघडते. दोन-तीन घास जातात. मग ती म्हणते, "तिला बाहेर यायला सांग ना. किती दिवसांत दिसली नाही."

केकवाली दाराआडूनच म्हणते,

"हात पिठाचे आहेत, आई."