लंकाबाईनं न पाहिलेली स्लाइड

बहात्तरच्या दुष्काळाआधी मिरजगावच्या शाळेत नर्सबाईंनी पडद्यावर स्लाइड दाखवल्या. अंथरुणावरच्या म्हाताऱ्याची कूस दर दोन तासांनी बदला, बसवूनच भरवा, ओलं अंथरूण लगेच काढा. लंकाबाई मधूनच उठली. अर्धांग झालेल्या बापाची कूस बदलायची वेळ झाली होती.

शेवटची स्लाइड तिच्या भावानं, श्रीमंतनं, पाहिली. सेवा करणारी बाई झोपलीय आणि म्हाताऱ्याजवळ घरातलं दुसरं माणूस बसलंय. हा शहाणा हसला, "बाईमानसाला कसला इसावा!" घरी त्यानं ते सांगितलंच नाही.

दोन वर्षं बापाच्या पाठीला साधी जखम झाली नाही. लंकाबाईच एक दिवस चुलीपुढं कोसळली, ती उठलीच नाही.

आता श्रीमंत कूस बदलतो. डोळे न उघडताच बाप पुटपुटतो, "लंके, तू पड की जरा."