केस कोण, कंट्रोल कोण

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नोकरी करत होते आणि एमडीसाठी शेजारच्या जिल्ह्यातल्या कॉलेजात नाव घातलं होतं. प्रबंधाचं काम मात्र कोल्हापुरातच करायची परवानगी मिळाली होती. विषय ठरला होता, मोठ्या माणसांत मधुमेह होण्यामागची कारणं. तो कसा अभ्यासायचा, हे काही ठरलं नव्हतं.

माझे गाइड म्हणजे आमच्याच दवाखान्यातले वरिष्ठ फिजिशियन. उंच, किंचित पोक आलेले, खिशात नेहमी दोन पेनं आणि बडीशेपेची डबी. रागावले की ते आवाज चढवत नसत, डबी पुढे करत. पहिल्या भेटीतच त्यांनी ती माझ्यापुढे केली, कारण मी मोठ्या उत्साहानं सांगितलं होतं, "सर, मला कोहॉर्ट करायचाय. आज ज्यांना मधुमेह नाही अशी माणसं घ्यायची आणि कुणाला होतो ते बघत राहायचं."

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"दोन. तेवढीच मुदत आहे."

"समजा पाचशे माणसं घेतलीत, तर दोन वर्षांत त्यातल्या कितींना होईल? बोटावर मोजण्याइतक्यांना. त्यातलेही काही पुण्याला जातील, काहींना तुमच्या सुईचा कंटाळा येईल. कारण आधी आणि रोग नंतर, हे सिद्ध करायला कोहॉर्टसारखं दुसरं काही नाही, हे खरंच आहे. पण त्याला माणसं हजारोंनी लागतात आणि वर्षं भरपूर. बडीशेप घ्या."

मी हिरमुसले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो शांतपणे म्हणाला, "दोन वर्षं मुदत आहे हे तुला आधीपासूनच माहीत होतं की." तेही खरंच होतं.

मग क्रॉस-सेक्शनलचं वारं डोक्यात शिरलं. एक पेठ घ्यायची, घरोघर जाऊन सगळ्यांची वजनं, खाणंपिणं, आईवडिलांचा आजार विचारायचा, त्याच फेरीत रक्त तपासायचं. एकदा गेलं की काम संपलं. सरांनी हेही ऐकून घेतलं. "शहरात मधुमेह किती आहे हे सांगायचं असेल तर हाच मार्ग," ते म्हणाले. "पण तुमचा प्रश्न किती हा नाही, कशामुळे हा आहे. वजन आणि साखर तुम्ही एकाच सकाळी मोजणार. आधी काय आलं, हे कसं कळणार? शिवाय थोडे रुग्ण सापडायला शेकडो लोकांना ग्लुकोजचं पाणी पाजावं लागेल, आणि आपल्या लॅबमध्ये माणूस एक."

राहिला केस-कंट्रोल. मधुमेहाचे रुग्ण आमच्या ओपीडीत रोज येतच होते. त्यांच्यासारख्याच, पण मधुमेह नसलेल्या माणसांशी त्यांची तुलना करायची, मागच्या आयुष्यात काय वेगळं होतं ते शोधायचं. सर म्हणाले, "थोड्या लोकांवर आधी करून बघा. मग बोलू."

मी ओपीडीत टेबल मांडलं. रुग्ण ही केस, आणि त्याच्याबरोबर आलेला नातेवाईक, भाऊ नाहीतर बायको, हा कंट्रोल. आयती जोडी. पहिल्याच आठवड्यात कळंब्याकडचे एक दूधवाले आले. चारपाच वर्षांचा मधुमेह, अंगावर सदरा लोंबत होता. चहात साखर किती घेता, असं विचारलं.

"साखर? अजाबात न्हाय, डॉक्टरीणबाई. गूळबी बंद हाय."

"आधीपासूनच?"

"आधीचं काय सांगू? दोन माणसांचा होतो मी. तुमच्यावानी डॉक्टरांनीच सगळं बंद केलं की."

मी आजचं वजन आणि आजचं खाणं लिहून घेतलं. शेजारी त्यांच्या मालकीणबाई बसल्या होत्या, भारदस्त अंगाच्या. त्यांना म्हटलं, तुमचीही माहिती हवी, रक्तही तपासायचंय. त्या म्हणाल्या, "मला कशाला? मी तर नुसतं ह्यास्नी घिऊन आलो हाय." कोल्हापुरातल्या कित्येक बायका 'मी आलो' म्हणतात. सासरी येऊन इतकी वर्षं झाली तरी मला ते ऐकायला गोड वाटे.

महिनाअखेर मी हिशोब मांडला, तर मधुमेही लोक इतरांपेक्षा बारीक आणि साखर कमी खाणारे निघाले. घरात मधुमेह असण्यानंही फारसा फरक पडत नव्हता. मी कागद सरांपुढे ठेवला. सर पाहत राहिले आणि मग हसू लागले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हणजे लोकांना सांगू या, जाड व्हा, पेढे खा, मधुमेह होणार नाही," ते म्हणाले. मलाही हसू आलं. मग डोळे पुसून त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "तुम्ही आजार झाल्यानंतरचा माणूस मोजलात. रोगानं वजन उतरवलं, डॉक्टरनं साखर बंद केली. आणि कंट्रोल कोण घेतले? सख्खे भाऊ. भावाभावांचे आईबाप एकच, मग आनुवंशिकता दिसणार कुठून? नवराबायकोची चूल एक, मग खाण्यातला फरक कुठून दिसणार?"

एवढ्यात लॅबमधून मालकीणबाईंचा रखडलेला रिपोर्ट आला. ग्लुकोज घेतल्यावर दोन तासांनी साखर चांगलीच चढलेली. माझी कंट्रोलच केस निघाली होती. सर गंभीर झाले. "प्रबंध राहू द्या बाजूला. आधी बाईंना बोलावून घ्या."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना समजावून सांगितलं. त्या ऐकून नवऱ्याकडं वळल्या. "आता तुमी मला घिऊन यायचं." त्या दिवसापासून दूधवाले बाईंच्या आधी ओपीडीत येऊन नंबर लावत.

आम्ही आराखडा नव्यानं बांधला. केस म्हणून फक्त नुकतंच निदान झालेले, ज्यांनी अजून काही सोडलेलं नाही असे. कंट्रोल त्याच वयाचे, त्याच भागातले, पण कान दुखणं, हाड मोडणं अशा वेगळ्या कारणासाठी आलेले. डोळ्यांचा विभाग सरांनी खोडला, कारण मधुमेहच माणसाला तिथं पाठवतो. प्रत्येक कंट्रोलचं रक्त तपासायचं. वजन विचारायचं ते आजार सुरू होण्याआधीचं, आणि केसला जे शब्द तेच कंट्रोलला. प्रश्न विचारायला समाजसेविका होत्या. कोण कुठल्या गटातला, हे त्यांना शक्यतो कळू देत नव्हतो.

काम रेंगाळलं, पण झालं. पूर्वीचा लठ्ठपणा आणि आईवडिलांचा मधुमेह, दोन्ही केसमध्ये ठळकपणे जास्त दिसले. साखर खाण्याबद्दल लोकांच्या आठवणींवर भरवसा ठेवता येईना, तसं मी स्पष्ट लिहिलं. सरांनी प्रबंध हातात घेतला तो मागून उघडला, मर्यादांचं पान आधी वाचलं आणि म्हणाले, "हे चांगलं लिहिलंय." एवढं कौतुक त्यांनी कुणाचं केल्याचं ऐकिवात नव्हतं.

निकाल लागल्यावर मी ओपीडीत मालकीणबाईंना सांगितलं, की तुमची माहिती शेवटी प्रबंधात घेता आली नाही.

"नसू दे की. पर निघालं काय त्यातनं?"

"आधीचं वजन, आणि आईवडिलांना असणं."

"म्हंजे आमच्या पोरांस्नी दोन्हीकडनं हाय."

पुढच्या सोमवारी दोन धिप्पाड मुलगे त्यांच्या मागून ओपीडीत शिरले, आणि त्यांनी एकेकाला हाताला धरून वजनकाट्यावर उभं केलं.