जुन्या सहीचं शेवटचं काम

साठचं दशक निम्मं सरलं होतं. वडील गेल्यावर महिन्याच्या आतच आईला घेऊन मी महाडच्या बँकेत गेलो. बचत खातं आणि दोन मुदत ठेवी आई-वडिलांच्या संयुक्त नावावर होत्या. तिन्हींवर अट एकच: दोघांपैकी कोणीही, किंवा मागे राहील त्याला. त्यामुळे कोर्टाचा वारस दाखला लागणार नव्हता. अर्ज, मृत्यूचा दाखला, ठेवींच्या पावत्या आणि आईची सही पुरेशी होती. घर त्याच खात्यावर चाले. वडील गेल्यापासून त्याला हात लागला नव्हता.

महाडजवळच्या नाते गावची आत्या सोबत होती.

कारकुनाने अर्ज आणि सहीच्या नमुन्याचं कार्ड शेजारी ठेवलं.

"काकू, सही जुळत नाही. कार्डावर सुरुवातीला सौ. आहे."

"आता ती सौ. कुठनं आणील?" आत्या म्हणाली. "दाखला वाचलाव ना?"

"वाचला, मावशी. पण सही कार्डाशी ताडावी लागते."

मॅनेजर बाहेर आले. त्यांनी दोन मार्ग सांगितले. बँकेच्या माहितीतल्या खातेदाराने येऊन ओळख पटवावी, म्हणजे नवी सही चालेल. नाहीतर अर्जावर जुनी सही करावी आणि मग कार्ड बदलावं. बाजारपेठेतल्या एका ओळखीच्या दुकानदाराला आणायला मी उठलो.

"नको," आई म्हणाली. "परत सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल."

तिने टाक मागून घेतला.

"गो वहिनी, हाय काय हे! कुणी बघितलं तर?"

"हे बँकवाले बघतायत की. त्यांचं कामच आहे ते."

आईने सौ. लिहिलं, पुढे नाव. हात थांबला नाही. कारकुनाने दोन्ही सह्या ताडून पाहिल्या आणि अर्जाच्या कोपऱ्यात आपली आद्याक्षरं टाकली. आत्या खिडकीकडे तोंड करून बसली.

खातेवहीत वडिलांच्या नावावर तांबड्या शाईची रेघ आली, बाजूला तारीख. एका ठेवीची मुदत संपली होती. तिची नवी पावती एकट्या आईच्या नावे निघाली. दुसरी चालू होती. तिच्यावर नाव कमी केल्याची नोंद झाली, व्याज आणि मुदत तीच राहिली.

नव्या कार्डावर आईने सौ. शिवाय सही केली. मधलं नाव वडिलांचंच होतं. त्याला कोणाची हरकत नव्हती.

"दुसरं नाव लावायचं का?" कारकुनाने माझ्याकडे पाहत विचारलं. "पुढेमागे सोयीचं पडतं."

मी आईकडे पाहिलं. ती कार्डावरची दुसऱ्या नावाची मोकळी जागा पाहत होती.

"आत्ता नाही," ती म्हणाली. मग पैसे काढण्याची चिठ्ठी मागितली आणि महिन्याच्या वाणसामानापुरती रक्कम घातली. ही सही पहिल्या फेरीतच जुळली.