केळफुलातून परत

नव्वदीच्या सुरुवातीला जळगावबाहेर एका ऊतीसंवर्धनाच्या, म्हणजे टिश्यू कल्चरच्या, प्रयोगशाळेत मी रोपांच्या विभागाची देखरेख करत होते. लोकांना वाटायचं की तिथे काहीतरी अगाध चालतं. प्रत्यक्षात कामाचा निम्मा भाग धुण्याचा होता. बाटल्या धुवायच्या, खाद्याची जेली शिजवायची, वाफेच्या टाकीत निर्जंतुक करायची, मग काचेच्या कपाटासमोर बसून स्पिरिटच्या दिव्यावर चिमटा तापवायचा आणि केळीचा कोंब कापून नव्या बाटलीत ठेवायचा. माझ्या हाताखाली पाच मुली होत्या. कोणी काय करायचं ते रोज सकाळी फळ्यावर लिहून ठेवायचे, आणि संध्याकाळी जे राहिलं त्यावर खूण करायचे.

एका एप्रिलमध्ये भडगावकडचे एक आबा ओल्या गोणपाटात काहीतरी गुंडाळून आले. सत्तरीचे असतील. धोतर गुडघ्यापर्यंत मातीचं. गोणपाट उलगडलं तर आत एक केळफूल.

"ताई, हाई तेवढं वाचाडा," ते म्हणाले.

माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "आबा, भाजी करायची सोय इथे नाही."

ते हसले नाहीत. बसायला खुर्ची दिली तरी उभेच राहिले. मग सांगितलं ते असं. त्यांच्या घरवालीला कितीतरी वर्षांपूर्वी बागेत एक वेगळंच झाड दिसलं होतं. घड लांब, केळं एकसारखी, आणि चव त्यांच्या मते दुसऱ्या कुठल्याच केळाला नव्हती. तिने त्याचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिलं, हौसेने विहिरीजवळ लावत नेली. एवढी एकच ओळ. त्यातली केळं व्यापाऱ्याला कधी दिली नाहीत, फक्त घरी आणि पाहुण्यांना. दोन वर्षांपूर्वी ती वारली. या उन्हाळ्यात विहिरीजवळच्या झाडांचे कंद सडले.

"बठ्ठं सडी गयं. पिलं बी सडकीच. एक झाड वाऱ्याने पडनं, त्याना शेंड्याले हाई फूल व्हतं. केळं कवळीच. आते हाईच शे."

गोष्ट नेमकी काय आहे ते मला लगेच कळलं, आणि त्यात आशा फारशी नव्हती. केळीचं रोप करताना आम्ही कंदाच्या मधोमध असलेला वाढीचा बिंदू काढतो. टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान. त्यातल्या पेशींनी अजून काय व्हायचं ते ठरवलेलं नसतं, म्हणून त्यांच्यातून पान, कंद, मूळ सगळं होऊ शकतं. झाड वाढतं तसा हाच बिंदू पानामागून पान काढतो. मग एक दिवस, बाहेरून काही न दिसता, तो बदलतो. पानं काढणं थांबतं, फुलं करायला लागतो आणि खोडाच्या आतून वर चढतो. आबांनी आणलेलं केळफूल म्हणजे त्याच बिंदूचा वर पोचलेला शेवट होता. खाली कंदात आता काही उरलेलं नव्हतं, जे होतं ते सडलेलं.

आमचे साहेब वनस्पतिशास्त्राचे, कमी बोलणारे. त्यांनी फूल हातात घेऊन फिरवलं.

"परदेशात केळफुलातून रोपं काढली आहेत. इथे आपण केलेलं नाही. करून बघू."

आबांनी मला विचारलं, "ताई, फूलपासून झाड कसं व्हई? फूल तं फूलच."

मी साध्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. पानातली पेशी घ्या, फुलातली घ्या, मुळातली घ्या, आत सूचना अगदी त्याच असतात, पूर्ण झाडाच्या. फक्त पानातली पेशी त्यातल्या पानापुरत्या वापरते, बाकीच्या बंद.

"म्हणजे विहीर एकच. पाण्याचं बारं द्यायचं तं एका वाफ्याचं दार उघडं, दुसऱ्याचं माती लावून बंद."

"तसंच."

"मग लावेल माती काढता येस का?"

"काही वेळा येते. औषध देऊन. सगळ्यांची नाही येत."

"प्रयत्न करा," ते म्हणाले. मग माझ्या फळ्याकडे बघून, "त्याच्यावर लिखी ठेवा, नाहीतर भाजी करशान."

फुलाची लाल पानं एकेक काढत गेलो. शेवटी हरभऱ्याएवढा पांढरा शेंडा राहिला, त्याला चिकटलेले फुलांचे सूक्ष्म कोंब. रसायनात धुतला, पातळ काप केले, आणि कोंब फुटायला लावणारं संप्रेरक जास्त असलेल्या जेलीवर ठेवले. दुसऱ्याच दिवशी काप काळे पडायला लागले. केळीची ती सवयच आहे, जखम झाली की काळा रस सोडते. दर दोन-तीन दिवसांनी ताज्या जेलीवर हलवत राहिलो. बरेचसे मेले. काहींमध्ये बुरशी शिरली. मुली वैतागल्या. एक म्हणाली, "मॅडम, एका म्हाताऱ्याच्या फुलासाठी किती बाटल्या धुवायच्या?"

"सगळ्या," मी म्हटलं. फळ्यावर तिचंच काम वाढवलं.

मग काही काप हिरवे झाले. जिथे केळं व्हायची तिथले बारीक कोंब फुगले, आणि काही आठवड्यांनी त्यांच्यातून फूल नाही, पान निघालं. निमुळतं, गुंडाळलेलं, केळीचं पान. मी ते भिंगातून बराच वेळ बघितलं. साहेबांना बोलावलं. ते म्हणाले, "वळलं," आणि परत आपल्या खोलीत गेले. त्यांच्यासाठी हे पुष्कळ होतं.

आबा बाजारासाठी जळगावला आले की येत. आत येऊ देता येत नसे, म्हणून मी बाटली काचेपाशी धरायचे. ते चष्मा पुसून बघायचे.

"शेवाळं दिसस."

"ते तुमचं झाड आहे."

"तिचं," ते म्हणायचे.

पुढचं काम संख्या वाढवण्याचं, आणि इथे आमची जी रीत होती ती सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच फिरलं. दर वेळी कोंबांचा झुपका कापून वाटून नव्या बाटल्यांत ठेवायचा, तेव्हा जो झुपका जोमदार, ज्यात कोंब भरपूर, तो पुढे न्यायचा. जो रेंगाळतो तो टाकायचा. साहेबांचा नियम, आणि कुठल्याही रोपवाटिकेत असाच असतो. मरतुकडं रोप कोण वाढवेल? मुलींना त्याची सवय इतकी होती की हात आपोआप तिकडे जायचा. आबांच्या कापांतून पाच-सहा कोंब जगले होते. त्यातल्या एकाचा झुपका सगळ्यांच्या पुढे गेला. घट्ट, गर्द हिरवा, भराभर फुटणारा. बाकीचे हळू. दोन-तीन फेऱ्यांत कपाटावर त्याच एकाच्या बाटल्या उरल्या, आणि पुढच्या सगळ्या फेऱ्या त्याच्याच झाल्या. सगळ्यांना आनंद झाला. पुढच्या वर्षीच्या मृगाच्या लागवडीला वेळेवर रोपं देता येणार होती.

मग संप्रेरक बदललं, मुळं फुटवणारं दिलं. मुळं आली. जाळीखाली पिशव्यांत रोपं उन्हावाऱ्याला सरावून घेतली आणि आबांना दिली. ते भाड्याचा टेम्पो घेऊन आले होते, रोपं गोणपाटावर एकेक मांडून घेतली. जाताना म्हणाले, "ताई, पहिलं केळ तुम्हले."

वर्ष सरत आलं तेव्हा ते परत आले, हातात काही नव्हतं. म्हणाले, "एकदा येऊन बघा." साहेब आणि मी जीपने गेलो.

विहिरीजवळ ओळ उभी होती, पण कमरेपेक्षा थोडी उंच. पानं एकमेकांवर दाटलेली, आखूड, जाड. एकाही झाडाचा घड नीट बाहेर आला नव्हता. खोडाच्या गळ्याशी अडकून आतच वाकलेला. साहेबांनी एक पान हातात घेऊन वळवलं, सोडलं.

"बुटकी निघाली. असं होतं. बाटलीत जास्त फेऱ्या झाल्या की काही पेशी बदलतात. कोंब लवकर फुटणारी पेशी आपण निवडली, ती हीच."

"म्हणजे आतलं बदललं?" मी विचारलं. "सूचनाच?"

"कदाचित. किंवा सूचना त्याच आहेत, एखादं बंद दार उघडं राहिलं, किंवा उघडायचं ते उघडलंच नाही. ते सांगायचं साधन आपल्याकडे नाही."

आबा ऐकत होते. मला वाटलं ते रागावतील. "हळू वाढणाऱ्या त्या बाटल्या? त्या शेतस का अजून?" त्यांनी विचारलं.

त्या धुवून झाल्या होत्या. परत गेल्यावर मी सगळी कपाटं पुन्हा बघितली, खालच्या फळ्या, मागची ओळ, जिथे शंकास्पद बाटल्या ठेवायचो तो कोपरासुद्धा. एकही नव्हती. टाकायला काढलेल्या बाटल्या त्याच आठवड्यात वाफेच्या टाकीत जातात, तसं माझ्याच वेळापत्रकात होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आबा आले, म्हणाले, "या बुटक्यांचं फूल आणू का? परत त्याच्यातून?"

"आबा, त्याच्यातूनही हेच येईल."

त्यांनी मान हलवली. घरी जाऊन त्यांनी एक केलं, शेतकरी करतात तसं: विळ्याने प्रत्येक झाडाचा गळा उभा चिरला आणि अडकलेला घड हाताने ओढून बाहेर काढला. ते मला नंतर कळलं.

काही महिन्यांनी ते शेवटचे आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली दोन केळं. वाकडी, आखूड, पण पिवळी धमक पिकलेली.

"खाई देखा," ते म्हणाले.

मी त्यांच्यासमोर सोललं. गोड होतं, जरा घट्ट, शेवटी किंचित आंबट. चांगलं होतं. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कसं लागनं?"

"छान आहे, आबा."

"तिच्यासारखं?"

तिचं केळ मी कधी खाल्लं नव्हतं. ती चव माहीत असलेलं माणूस आता एकच होतं, आणि ते माझ्यासमोर बसून मलाच विचारत होतं.

"तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं.

त्यांनी दुसरं केळ उचललं, थोडं दाबून बघितलं, आणि परत कागदात गुंडाळून धोतराच्या ओच्यात ठेवलं. "मी अजून खायेल नही," ते म्हणाले, आणि बस गाठायची म्हणून उठले.

विहिरीजवळची ती ओळ त्यांनी पुढच्या पावसाआधी काढून टाकली, असं भडगावकडच्या एकाने सांगितलं. त्यांनी ते केळ खाल्लं की नाही, हे मात्र कोणाला विचारावं ते मला समजलं नाही.